दोन तापमानांवरून सक्रियण ऊर्जा: एका सोडवलेल्या उदाहरणाचे परीक्षण

एनसीईआरटीच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातील एक सोडवलेले उदाहरण तुमच्यापैकी अनेकांनी केलेले असेल. एका अभिक्रियेचा वेग स्थिरांक 500 K ला 0.02 s⁻¹ आणि 700 K ला 0.07 s⁻¹ आहे. त्यावरून सक्रियण ऊर्जा Eₐ आणि अऱ्हेनियस समीकरणातील घटक A काढायचा आहे. पुस्तकाचे उत्तर Eₐ = 18230.8 J आणि A = 1.61 असे आहे. गणित बरोबर आहे. तरीही या उत्तराकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण पद्धतीची जी मर्यादा विद्यार्थ्याला कळायला हवी, ती या उदाहरणात झाकली जाते.

आधी पद्धत पाहू. दोन्ही तापमानांसाठी अऱ्हेनियस समीकरण लिहून एकातून दुसरे वजा केले की A निघून जातो आणि उरते:

ln(k₂/k₁) = (Eₐ/R)(1/T₁ − 1/T₂)

वरील आकडे घातले तर ln(0.07/0.02) म्हणजे 1.253. कंसातील फरक 5.714 × 10⁻⁴ K⁻¹ आहे. R ला त्याने भागले की सुमारे 14.55 किलोज्यूल प्रति मोल मिळतात आणि 1.253 ने गुणल्यावर 18.2 किलोज्यूल प्रति मोल हे उत्तर येते.

आता पहिला आक्षेप. 0.02 या आकड्यात एकच सार्थ अंक आहे. तो 0.015 ते 0.025 यांमधील काहीही असू शकतो, 0.07 सुद्धा 0.065 ते 0.075 यांमधील. दोन्ही टोके घेऊन गणित पुन्हा करा. गुणोत्तर सर्वांत मोठे धरले (0.075/0.015) तर Eₐ 23.4 येते, सर्वांत लहान धरले (0.065/0.025) तर 13.9. म्हणजे दिलेल्या माहितीतून आपल्याला एवढेच कळते की Eₐ साधारण 14 ते 23 च्या दरम्यान आहे. मग 18230.8 मधला शेवटचा 0.8 कुठून आला? तो मोजमापातून आलेला नाही, लॉग टेबलातून आला आहे. विद्यार्थी मात्र सहा अंकी उत्तराला सहा अंकी ज्ञान समजून बसतो.

दुसरा आक्षेप A विषयी आहे. k चे एकक s⁻¹ आहे, म्हणजे अभिक्रिया प्रथम कोटीची आणि A चे एककही तेच. एकाच रेणूच्या विघटनासारख्या साध्या प्रथम कोटीच्या अभिक्रियेत A साधारण 10¹³ s⁻¹ च्या आसपास असतो, कारण रेणूतील बंध तेवढ्या वेगाने कंप पावतात. 1.61 हा आकडा त्याच्यापेक्षा सुमारे तेरा शून्यांनी लहान आहे. उलट बाजूने तपासू. A 10¹³ धरून 500 K ला k = 0.02 यायचा असेल तर Eₐ सुमारे 141 किलोज्यूल प्रति मोल हवी, आणि मग 700 K ला वेग साडेतीन पटीने नव्हे, सुमारे सोळा हजार पटीने वाढेल. याचा अर्थ असा अभिक्रियावेग अशक्यच आहे असे नाही. अनेक पायऱ्यांच्या किंवा पृष्ठभागावर घडणाऱ्या अभिक्रियेत मोजलेला A विचित्र येऊ शकतो. पण उत्तराशेजारी एवढे एक वाक्य हवे होते. A काढायला सांगून त्याच्याकडे न पाहणे म्हणजे हातातली तपासणी वाया घालवणे.

या दोन्ही आक्षेपांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. दोन अज्ञात राशी आणि दोन मोजमापे असली की उत्तर नेहमी मिळतेच. दोन बिंदूंतून रेषा काढता येतेच, मग ते बिंदू चुकीचे का असेनात. चूक झाली हे सांगणारा तिसरा साक्षीदार या गणितात नाही.

आता हेच प्रयोगशाळेत नेऊन पाहू. आम्लाच्या उपस्थितीत मिथाइल अॅसिटेटचे जलविघटन हा पदवीच्या वर्गातील परिचित प्रयोग आहे: ठरावीक वेळाने मिश्रणाचे थोडे नमुने बर्फाच्या पाण्यात टाकायचे, सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचे आणि वाचनांवरून k काढायचा. या अभिक्रियेची Eₐ 68 किलोज्यूल प्रति मोलच्या जवळ असल्याचे धरू. समजा, हा प्रयोग चेन्नईत होतो आहे. दुसरे तापमान वॉटर बाथमध्ये 40 °C ला नीट राखले आहे, पहिले मात्र "खोलीचे तापमान" आहे, आणि मॅन्युअलच्या सवयीने विद्यार्थी त्यापुढे 298 K लिहितो. चेन्नईत वर्षातील बराच काळ खोली 25 °C ची नसते. फ्लास्क प्रत्यक्षात 32 °C ला, म्हणजे 305 K ला असेल, तर 313 K ला k सुमारे दुप्पटच होईल, ln(k₂/k₁) 0.685 येईल. खरी तापमाने घातली तर 68 परत मिळते. 298 K घातले तर मिळतात फक्त 35.4.

सात अंशांच्या चुकीने उत्तर जवळजवळ निम्मे झाले! आणि 35 हा आकडा पाहून कोणालाही शंका येत नाही, कारण तो सक्रियण ऊर्जेसारखाच दिसतो. टायट्रेशन कितीही काळजीने केले तरी हा दोष जात नाही. दोन तापमाने जितकी जवळ, तितका तो वाढतो, कारण छेदातील फरक लहान होतो. तापमाने अचूक असतानाही हेच घडते: दोन्ही k मध्ये पाच-पाच टक्के चूक विरुद्ध दिशांनी झाली तर 30 आणि 40 °C च्या जोडीत Eₐ सुमारे 8 किलोज्यूलने हलते, 30 आणि 50 °C च्या जोडीत सुमारे 4 ने.

मग चूक ओळखायची कशी? 50 °C ला तिसरे मोजमाप घ्या. Eₐ खरोखर 35.4 असती तर 40 वरून 50 °C ला जाताना k दीडपट व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो सव्वादोन पट होईल. ln k विरुद्ध 1/T या आलेखावर तिन्ही बिंदू एका रेषेत बसणार नाहीत आणि पहिला बिंदू खोटा बोलतो आहे हे उघड होईल. अर्थात सर्व मोजमापांत आम्लाची संहती एकच हवी, कारण इथे मोजलेला k तिच्यावरही अवलंबून असतो.

त्या पुस्तकी उदाहरणाची दुरुस्ती अवघड नाही. k तीन सार्थ अंकांत द्यावा, तिसऱ्या तापमानाचा एक k जोडावा, आणि शेवटी दोन प्रश्न विचारावेत: हा तिसरा आकडा तुमच्या Eₐ शी जुळतो का, आणि तुमचा A विश्वासार्ह वाटतो का? तोवर तुम्ही दोन बिंदूंवरून Eₐ काढाल तेव्हा उत्तरापुढे ± चिन्ह लिहा, आणि T₁ पुढे थर्मामीटरने फ्लास्कमध्ये दाखवलेला आकडाच लिहा.