पाण्याआधीची अंडी

वडनेरच्या आसपास जुलैत तलावातला भरलेला रोहू कापला, की पोटातून दोन लांबट, फुगीर पिशव्या निघतात. एक जरा मोठी, एक लहान. वरून पातळ पापुद्रा, त्यावर लाल शिरांची जाळी आणि आत रव्यासारखे दाणे. आपल्याकडे यांना सरळ ‘मासोळीची अंडी’ म्हणतात, कोकणात गाबोळी. या लेखात पोटातल्या पिशवीला गाबोळी म्हणू आणि मासोळीनं पाण्यात सोडलेल्या अंड्यांना नुसती अंडी, कारण दोन्ही एकाच पोटातली असली तरी ताटात फक्त एकच येते. सोडलेली अंडी सहसा कुणी खात नाही. असं का, हे कळलं की गाबोळीला मीठ कसं लावायचं, ती ठेवायची कशी आणि वाढायची कशी, हे सगळं आपोआप उलगडत जातं.

आधी सोडलेली अंडी बघू. ती नीट बघायची जागा म्हणजे मत्स्यबीज केंद्र. रोहू, कतला, मृगळ या मासोळ्या साठलेल्या पाण्यात भरतात, पण अंडी सोडत नाहीत. त्यासाठी त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्याच मेंदूतल्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या मासोळ्यांना बंदिस्त पाण्यात अंडी सोडायला लावलं. आज तळ्यात सुटणारं बहुतेक बीज त्याच पद्धतीच्या पुढच्या रूपांतून येतं. संध्याकाळी इंजेक्शन दिलं की रात्रीत अंडी सुटतात, आणि तिथंच सगळा फरक डोळ्यांसमोर घडतो.

पोटातून निघताना दाणा मिलिमीटरभराहून थोडाच मोठा असतो. पाणी लागताच तो ते आत ओढायला लागतो. बाहेरचं कवच ताणतं, कवच आणि आतला बलक यांच्यामध्ये पाण्याचा थर साठतो आणि बघता बघता दाणा चार-पाच मिलिमीटरचा होतो. व्यास तिप्पट झाला की आकारमान सत्तावीसपट होतं. म्हणजे फुगलेल्या अंड्यात जवळजवळ सगळं पाणीच. सोबत कवचही चिवट होत जातं, कारण प्रवाहाचे धक्के सोसून पंधरा-अठरा तास तग धरायचा असतो. तेवढ्यात त्यातून जिरे बाहेर पडतात, त्यांची पुढं बोटुकली होते. जिवंत अंडं काचेसारखं स्वच्छ दिसतं, मेलेलं पांढरं पडतं. केंद्रातल्या माणसाला तेवढी एक नजर पुरते.

हे अंडं खाल्लं तर तोंडात काय येईल? चिवट साल आणि बेचव पाणी. बलक तेवढाच, पण पाण्यात हरवलेला. गाबोळीत मात्र तोच बलक घट्ट, स्निग्ध आणि दाण्यागणिक भरलेला असतो, कारण त्याला अजून पाणी भेटलेलं नाही. गाबोळी म्हणजे पाण्याआधीची अंडी. तिची सगळी चव या ‘आधी’त आहे. काही ठिकाणी सोडलेली अंडीही खातात. उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यावर समुद्री शेवाळावर चिकटलेली हेरिंगची अंडी शेवाळासकट खारवतात. पण तिथं मजा कुरकुरण्याची असते, बलकाची नव्हे.

म्हणून गाबोळी निवडताना बघायचं ते हेच, की ती अंडी सुटण्याच्या क्षणाच्या किती जवळ आहे. पिशवी ताठ असावी, दाणे पापुद्र्यातून वेगवेगळे दिसावेत, पण बोटानं दाबल्यावर सुटू नयेत. दाणे दिसतच नसतील आणि पिशवी बारीक असेल तर मासोळी कच्ची आहे. शिजवल्यावर पीठ पीठ लागेल. पोटावर हात फिरवताच दाणे ओघळत असतील तर ती पार पिकलेली. अशी गाबोळी पाणचट होते आणि दाण्याची साल दाताला लागते. हंगाम सरल्यावरही तळ्यातल्या मासोळीच्या पोटात पिशव्या राहतात, पण त्या लोंबलेल्या, काळपट. न सुटलेली अंडी शरीर परत शोषून घेत असतं. तो माल घेऊ नये.

कापतानाची एक चूक सगळ्यावर पाणी फिरवते. गाबोळीला लागूनच काळ्या-हिरव्या रंगाचं पित्ताशय असतं. सुरी त्याला लागली की हिरवा डाग पसरतो आणि तो भाग कडूजहर होतो. धुऊन कडूपणा जात नाही. डाग पडलेला तुकडा कापून टाकावा. पित्ताशय औषध म्हणून गिळायची खोड काही ठिकाणी आहे. रोहू, कतल्यासारख्या मासोळ्यांचं पित्त मूत्रपिंडं निकामी करतं, तेव्हा तो प्रकार कुणी सुचवला तरी करू नये. आणि केंड माशाची गाबोळी तर विषच. घरच्या कुठल्याही उपायानं ती खाण्याजोगी होत नाही.

आता मीठ. पाणी दाण्यात शिरून त्याला फुगवतं, मीठ त्यातलं पाणी बाहेर ओढून त्याला आवळतं. म्हणजे नदी जे करणार होती त्याच्या नेमकं उलट काम मीठ करतं. जगातल्या सगळ्या खारवलेल्या गाबोळ्यांची युक्ती एवढीच. फरक आहे तो मीठ किती आणि पाणी किती काढायचं याचा.

सगळ्यात हलका हात कॅव्हिअरचा. स्टर्जन माशाची पिशवी जाळीवर घासून दाणे मोकळे करतात, पापुद्रा वरच राहतो. मग वजनाच्या तीन ते पाच टक्के मीठ. रशियन लोक अशा कमी मिठाच्या मालाला ‘मालोसोल’ म्हणतात. एवढं मीठ दाणा चमकदार आणि कणखर करतं, पण टिकवत नाही. म्हणून तो डब्यात हवा न राहील असा गच्च भरून शून्याखाली दोन ते चार अंशांवर ठेवतात. मिठामुळं तो त्या थंडीत गोठत नाही, आणि गोठूही द्यायचा नसतो. बर्फ झाला की दाणे फुटतात.

सगळ्यात जड हात बोय माशाच्या गाबोळीवर. आपल्या किनाऱ्यावरचा हा ओळखीचा मासा. इटलीत त्याची अख्खी पिशवी, पापुद्रा न फाडता, कोरड्या मिठात ठेवतात, धुतात, फळ्यांमध्ये दाबतात आणि कित्येक आठवडे वाळवतात. ती अंबरासारखी घट्ट होते, मग कधी तिच्यावर मेणाचा थर देतात. याच मालाला इटलीत बोतार्गा म्हणतात, जपानमध्ये कारासुमी. ही गाबोळी किसून किंवा पातळ काप करून वाढतात, कारण चव एवढी दाट की घास भरून खाणं जमत नाही.

वडनेरला यातलं काय जमेल? वाळवणं नाही. आपल्या मासोळ्या भरतात त्या आषाढ-श्रावणात, हवा ओली असताना. वर्ध्याचं कडक ऊन ज्या महिन्यांत असतं तेव्हा गाबोळी कच्ची असते, आणि ती पिकते तेव्हा ऊन नसतं. दमट हवेत टांगलेली पिशवी बाहेरून सुकते, आतून आंबते. तेव्हा आपल्याला हलका हातच बरा. रोहूच्या जातकुळीतल्या कार्प माशाच्या गाबोळीचं रुमानियात हेच करतात: दाणे मोकळे करून खारवतात, मग तेल घालून घोटतात, लिंबू पिळून, कांदा घालून पावाला लावतात.

घरी करायचं तर असं. दोन किलोच्या भरलेल्या रोहूतून अडीच-तीनशे ग्रॅम गाबोळी निघते. एक लिटर गार पाण्यात तीस ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ती हलकेच धुवावी. साध्या पाण्यात नको. मोकळे दाणे साध्या पाण्यात पांढुरके आणि बुळबुळीत होतात. पिशवीला उभी चीर देऊन चमच्याच्या पाठीनं दाणे खरवडून काढावेत, पापुद्रा आणि शिरा फेकाव्यात. चाळणीत दहा मिनिटं निथळू द्यावं. अडीचशे ग्रॅम दाण्यांना दहा ग्रॅम बारीक मीठ, म्हणजे दोन सपाट लहान चमचे. हातानं न चोळता चमच्यानं खालवर करावं. थोड्या वेळानं तळाशी पाणी सुटतं आणि मघाशी एकमेकांना चिकटलेले दाणे सुटे होऊन चमकू लागतात. ते पाणी काढून टाकावं, माल उकळून वाळवलेल्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरावा आणि फ्रिजच्या सगळ्यात गार भागात ठेवावा.

इथं भुलू नये: चार टक्के मीठ म्हणजे लोणचं नव्हे. दोन-तीन दिवसांत ते संपवायचं. आंबूस किंवा तिखट उग्र वास, बुडबुडे, तार सुटणं, यातलं एकही दिसलं तर चव घेऊन बघायच्या फंदात न पडता टाकून द्यावं. जास्त दिवस ठेवायचं तर दाणे न काढता अख्खी पिशवी घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये. दाणे थोडे फुटतील, पण शिजवायला चालतील. आणि गोड्या पाण्यातली गाबोळी कच्ची खाऊ नये. त्या माशांतून परजीवी येतात, आणि घरगुती मीठ किंवा घरचा फ्रीझर ते मारेलच याचा भरवसा नसतो.

शिजवण्यातही पाण्याचाच खेळ आहे. कच्ची पिशवी थेट गरम तेलात सोडली की दाण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि दाणे तडतडून अंगावर उडतात. म्हणून अख्खी गाबोळी आधी हळद-मिठाच्या पाण्यात मंद आचेवर दहाएक मिनिटं शिजवावी, गार झाल्यावर बोटभर जाड काप करून थोड्या तेलात परतावे. काप आतून मऊ आणि दाणेदार राहिला पाहिजे. फार वेळ परतला तर वाळू चावल्यासारखा लागतो. खारवलेल्या दाण्यांत मूठभर बेसन, कांदा, हिरवी मिरची आणि सांबार घालून छोटी भजी करावीत. मीठ वेगळं घालायचं नाही, ते आधीच आत गेलेलं आहे.

वाढताना एक लक्षात ठेवावं. गाबोळी स्वतः स्निग्ध आणि खारट, तेव्हा सोबत काहीतरी अळणी आणि काहीतरी आंबट हवं. कॅव्हिअरबरोबर म्हणूनच साधा पाव किंवा पातळ धिरडं येतं, आणि चांदीचा चमचा टाळून शिंपल्याचा वापरतात, कारण चांदीनं चवीला धातूची झाक येते. आपल्याकडे ज्वारीची भाकर, लिंबाची फोड आणि चिरलेला कांदा यांनी तेच काम होतं. सावजी मसाल्याच्या तर्रीत मात्र तिला बुडवू नये. त्या रश्श्यात मटण टिकतं, गाबोळीची चव टिकत नाही. उरतात नुसते दाणे.

शेवटी एक सांगणं. पहिल्या पुराबरोबर नदी-नाल्यांत चढणीचे मासे वर जातात ते अंडी सोडायलाच. त्यांच्या पोटातली गाबोळी काढली की तेवढं पुढचं पीक गेलं. तळ्यात किंवा प्रकल्पात सोडलेल्या रोहू-कतल्याची अंडी मात्र त्या साठलेल्या पाण्यात सुटतही नाहीत, जिरतात. तेव्हा जुलैत गाबोळी घेताना मासे विकणाऱ्या मावशीला एवढं विचारा, मासोळी तळ्यातली की नदीतली. तळ्यातली असेल तर बिनधास्त घ्या. चढणीची असेल तर ती राहू द्या.