निवाड्याचा सारांश आणि ‘घटना’ या सदरातील चोरपाऊल

‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा 15 सप्टेंबर 1978 चा निवाडा आपल्या चळवळीत सर्वांना ऐकून ठाऊक आहे; वाचलेला फार थोड्यांना. खटला देसाईगंज पोलीस ठाण्यातला. तेव्हा तो भाग चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात होता. 1982 पासून गडचिरोलीत आहे. ज्या नावाने हा खटला ओळखला जातो, ते त्या मुलीचे नाव मी येथे लिहिणार नाही. सारांश लिहिणाऱ्याने पाळायचा हा पहिला नियम आहे, आणि आता तो कायद्याचाही आहे.

कार्यकर्त्यांच्या शिबिरांत या निवाड्याचे दोन प्रकारचे सारांश फिरताना मी पाहतो. पहिला आपल्या बाजूचा : ‘पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, अंगावर जखमा नाहीत म्हणून न्यायालयाने पोलिसांना सोडले.’ दुसरा वकिली टिपणांतला : ‘मुलीने प्रतिकार केला नाही, संमती होती, सबब आरोपी निर्दोष.’ दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोघांतला दोष एकच आहे. काय घडले, प्रश्न काय होता, न्यायालयाने कोणत्या वाटेने उत्तर काढले आणि शेवटी काय ठरले, या चार गोष्टी एका वाक्यात कोंबल्या आहेत. कायदा न शिकलेल्या वाचकाला मग हेच कळत नाही की ‘संमती होती’ ही घडलेली गोष्ट आहे की न्यायाधीशांनी काढलेला निष्कर्ष.

म्हणून मी तो निवाडा चार सदरांत मांडून पाहिला.

घटना. मुलगी अनाथ होती; भावाजवळ राहत होती; दोघे मजुरी करीत. ज्या घरी ती कामाला जाई, तेथल्या नातलग तरुणाशी तिचे जमले होते. बहिणीला पळवून नेले अशी तक्रार भावाने 26 मार्च 1972 रोजी ठाण्यात दिली. रात्री नऊच्या सुमारास सर्वांना ठाण्यात आणले गेले. जबाब झाल्यावर साडेदहाच्या सुमारास तपास करणारा जमादार निघून गेला. शिपाई गणपत व जमादार तुकाराम ठाण्यात होते. मुलगी आत राहिली, तिची माणसे बाहेर. बाहेर गर्दी जमली, आणि मुलीने बाहेर येऊन आपल्यावर बलात्कार झाल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी रात्री वैद्यकीय तपासणी झाली. अंगावर जखम आढळली नाही. डॉक्टरांनी वय 14 ते 16 वर्षे सांगितले. तिच्या कपड्यांवर व गणपतच्या पायजम्यावर वीर्याचे डाग मिळाले.

या सदरात ‘बलात्कार झाला’ असे मी लिहिले नाही, ‘ती राजी होती’ असेही नाही. जे सिद्ध करायचे आहे, ते घटनेत घालता येत नाही. सरकार पक्षाचे म्हणणे असेल तर ‘तिचे म्हणणे असे की’ एवढे चार शब्द आधी घालावे लागतात.

प्रश्न. मुलगी 16 वर्षांखालील होती काय? असल्यास संमतीचा प्रश्नच उरत नव्हता. नसल्यास, संभोग तिच्या इच्छेविरुद्ध किंवा संमतीशिवाय होता काय? संमती असल्यास ती मृत्यूच्या वा इजेच्या भीतीने मिळवलेली होती काय? भारतीय दंड संहितेच्या तत्कालीन कलम 375 मध्ये ही निरनिराळी पोटकलमे होती, आणि त्यांपैकी एक सिद्ध झाले तरी पुरे होते.

कारणमीमांसा. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने वय सिद्ध झाले नाही म्हटले. बहुधा गणपतशीच संभोग झाला हे मानले. पण मुलीला खोटारडी ठरवून, तो राजीखुशीचा होता व प्रियकरासमोर सोवळे दिसावे म्हणून तिने बलात्काराची गोष्ट रचली, असे अनुमान काढले. नागपूर खंडपीठाने ते उलटवले. दोघे पोलीस तिला परके, ती रात्री त्यांच्या ताब्यात; अशा स्थितीत भीतीने पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले : जखमा नाहीत, म्हणून कडव्या प्रतिकाराची कहाणी खोटी, आरडाओरड केल्याचे सांगणे रचलेले, भाऊ जवळ असताना ती निमूट शिपायामागे गेली, मृत्यूची वा इजेची भीती होती असे उच्च न्यायालयाने ठरवलेले नाही. तुकारामबाबत तिचे आधीचे व नंतरचे सांगणे जुळत नाही.

निर्णय. सत्र न्यायालय, 1 जून 1974 : दोघे निर्दोष. उच्च न्यायालय, 12 ऑक्टोबर 1976 : बलात्काराबद्दल गणपतला पाच वर्षे, विनयभंगाबद्दल तुकारामला एक वर्ष सक्तमजुरी. सर्वोच्च न्यायालय : दोघे निर्दोष.

आता ‘प्रश्न’ आणि ‘कारणमीमांसा’ ही सदरे शेजारी ठेवून वाचावीत. प्रश्नांत ‘संमतीशिवाय’ हे स्वतंत्र पोटकलम आहे, आणि ‘भीतीने मिळवलेली संमती’ हे वेगळे. भीती सिद्ध झाली नाही, हे एकाचे उत्तर झाले. दुसऱ्याचे उत्तर काय? जखम नाही, ओरड नाही, म्हणजे संमती होती, एवढेच. म्हणजे कडवा प्रतिकार सिद्ध झाला नाही यावरून संमती सिद्ध झाली, असे धरले गेले. पण प्रतिकार न करणे आणि हो म्हणणे यांच्या मध्ये एक मोठी जागा आहे : गप्प बसणे, गोठून जाणे, शरण जाणे. उच्च न्यायालय त्या जागेवर बोट ठेवत होते. सर्वोच्च न्यायालयाने ती ओलांडली, पण तिथे पूल बांधला नाही. एकजीव सारांशात ही फट दिसत नाही. सदरे पाडली की उघडी पडते. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार यांनी सप्टेंबर 1979 मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात संमती आणि शरणागती यांतला हाच फरक मांडला होता.

आपल्या पहिल्या सारांशाचा तोटाही येथेच कळतो. ‘जखमा नाहीत म्हणून सोडले’ एवढेच सांगितले, तर वाचकाला वाटते की न्यायाधीश दुष्ट होते, आणि विषय संपतो. कायद्यातली कोणती जागा कमकुवत होती हे कळत नाही. ती कळली म्हणूनच मागणी नेमकी करता आली. 1983 च्या दुरुस्तीने पोलीस कोठडीतील बलात्कार वेगळा गुन्हा धरला गेला. अशा खटल्यात संभोग सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असे गृहीत धरण्याचे कलम 114अ पुरावा कायद्यात आले. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, हे शब्द कायद्यात यायला मात्र 2013 उजाडले.

सदरे पाडणाऱ्यालाही एक धोका आहे, आणि तो ‘घटना’ या सदरातच असतो. कोणती गोष्ट घ्यायची हे लिहिणारा ठरवतो. ‘ती संभोगाला सरावलेली होती’ हा वैद्यकीय खुणांवरून काढलेला शेरा वकिली टिपणे घटनेत घालतात. त्याचा त्या रात्रीच्या संमतीशी संबंध नाही. उलट रात्रीची वेळ, ठाण्याची जागा, मजूर मुलगी आणि वर्दीतला शिपाई या गोष्टी ‘पार्श्वभूमी’ म्हणून गाळल्या जातात; खरे तर संमतीच्या प्रश्नाचे उत्तर त्यांवरच अवलंबून आहे. माझी कसोटी साधी आहे. घटनेतल्या प्रत्येक वाक्याला विचारावे : हे कोणी पाहिले, कोणी सांगितले, की कोणी ठरवले? ‘ठरवले’ असे उत्तर आले, तर ते वाक्य उचलून कारणमीमांसेत ठेवावे आणि ठरवणाऱ्याचे नाव त्यापुढे लिहावे.

आणि आपला संताप? त्याला जागा आहे. पण चार सदरांच्या खाली, पाचव्या सदरात, आपल्या सहीनिशी. वरच्या चारांत तो मिसळला, तर उद्या गडचिरोलीच्या न्यायालयात उभ्या राहणाऱ्या मुलीच्या वकिलाला त्या कागदाचा काही उपयोग होणार नाही.