वन-वे प्लॅटफॉर्म: दिशा विचारली, मागची जागा विसरली

द्विमितीय गेममधली वन-वे फळी खालून आरपार जाऊ देते आणि वरून पाय टेकू देते. तरीही बाजूने उडी मारताना खेळाडू तिच्या कडेला आपटतो, नाहीतर ‘खाली’ दाबूनही तिथेच उभा राहतो. या दोन वेगळ्या चुका मानल्या जातात, पण माझ्या मते मूळ एकच आहे. तयार इंजिने एकतर्फीपणा फळीचा गुण मानतात. प्रत्यक्षात तो फळी आणि खेळाडू यांच्यातला, क्षणाक्षणाला बदलणारा संबंध असतो.

युनिटीतला PlatformEffector2D पाहा. त्यात Surface Arc मुळात 180 अंश असतो, म्हणजे वरच्या दिशेपासून दोन्हीकडे 90. उभ्या कडेशी झालेल्या स्पर्शाची दिशा नेमकी या सीमेवर पडते, आणि कड अडवणार की सोडणार हे मग दशांशातल्या बारीक फरकावर ठरते. कोन 170 केला की सरळ कडेचा प्रश्न सुटतो. पण खेळाडूचा आकार कॅप्सूलचा असेल, तर त्याचा गोल भाग फळीच्या कोपऱ्याला तिरपा लागतो आणि तो स्पर्श कमानीच्या आतच राहतो. कोन आणखी आवळला, तर उतरत्या फळीवर उभेच राहता येत नाही.

‘सेलेस्ट’ (2018) वेगळा प्रश्न विचारतो. खेळाडू खाली येत आहे का, आणि आत्ताच्या जागी फळीला न भिडता पुढच्या पिक्सेलवर भिडणार आहे का? दोन्ही उत्तरे ‘हो’ असतील तरच फळी घट्ट. खेळाडू कडेतून अर्धा आत शिरला असेल, तर तो आधीच भिडलेला आहे, म्हणून अडवण्याचे कारणच उरत नाही.

यावर आक्षेप येतो की हलत्या फळीवर हा नियम फसेल. वर येणारी फळी स्थिर खेळाडूला गाठते तेव्हा तो ‘खाली येत’ नसतो. आक्षेप खरा आहे. म्हणून वेग फळीच्या सापेक्ष मोजावा आणि मागच्या फ्रेममधले पाय फळीच्या मागच्या फ्रेममधल्या माथ्याशी ताडावेत.

खाली उतरण्याचे रूढ उपाय तर जुगाडच. Rotational Offset 180 करून फळी क्षणभर उलटवली, की शेजारचा दुसरा खेळाडूही पडतो. फक्त त्या खेळाडूपुरती टक्कर 0.25 सेकंद बंद ठेवली, तर 9.8 गुरुत्वाला तो तेवढ्यात जेमतेम 0.3 एकक घसरतो. दीड एकक उंचीचे अंग अजून फळीतच असताना टक्कर परत चालू होते आणि तो अडकतो किंवा वर फेकला जातो. पायांच्या नियमात घड्याळ लागत नाही: पाय माथ्याखाली, सहनमर्यादेपलीकडे, किंचित सरकवले की फळी त्याच्यापुरती उघडीच.

न उतरू देणे हा दोषच असतो, असेही नाही. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये (1990) ‘खाली’ म्हणजे वाकणे, त्यामुळे तिथल्या फळ्या उतरू देत नाहीत आणि कुणाचे अडतही नाही. तक्रार तेव्हा रास्त, जेव्हा एकाच गेममध्ये सारखी दिसणारी एक फळी उतरू देते आणि दुसरी देत नाही.