सापशिडी की सारीपाट? : उजळणी-नियोजनाच्या पटखेळाची एक समीक्षा

बीजसंज्ञा : पटखेळ, मोक्षपट, सारीपाट, उजळणी, वेळेचे नियोजन.

प्रस्तावना

दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाची सवय लागावी आणि परीक्षेपूर्वीच्या सत्राचे नियोजन त्यांना स्वतः करता यावे, या हेतूने पटावरचा खेळ तयार करावयाचा म्हटले की शिक्षकाच्या मनात प्रथम सापशिडी येते. शंभर घरांचा तक्ता, शिड्यांवर 'नियमितपणा', 'पहाटे उठणे', 'टिपणे काढणे' आणि सापांवर 'आळस', 'चालढकल', 'दूरदर्शन' किंवा आता 'मोबाइल' अशी नावे लिहिली की खेळ तयार होतो. हा खेळ आकर्षक आहे, स्वस्त आहे आणि नियम कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. मात्र या ढाच्यातून अभ्यासाविषयी नेमकी कोणती समजूत विद्यार्थ्याच्या मनात रुजते, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तो विचार करावयाचा आहे. सापशिडीचा ढाचा उजळणीच्या नियोजनासाठी अयोग्य असून आपल्याच परंपरेतील सारीपाट अधिक उपयुक्त आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. उदाहरणासाठी भिवंडी तालुक्यातील वडपे या गावचा दहावीचा एक कल्पित विद्यार्थी घेतला आहे.

सापशिडीचे तत्त्वज्ञान

सापशिडीचे मूळ रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचे कर्तृत्व संत ज्ञानदेवांकडे देते. जेकब श्मिट-मॅडसेन यांनी २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात पश्चिम भारतातील अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील अशा पटांचा सविस्तर अभ्यास आढळतो. या पटांवर जीव जन्मापासून मोक्षापर्यंत प्रवास करतो. सद्गुण त्याला वर नेतात, दुर्गुण खाली आणतात. खेळाडूने कोठे थांबावे हे त्याच्या हाती नसते. कवड्यांचे दान जे पडेल ते भोगावे लागते. प्रारब्धाची जाणीव देणाऱ्या खेळात हे सर्वथा सुसंगत आहे. किंबहुना तेच त्या खेळाचे सौंदर्य आहे.

हाच ढाचा अभ्यासाला लावला की अर्थ उलटतो. विद्यार्थी 'आळस' या घरात जातो तो आळस केल्यामुळे नव्हे, तर फाशावर चार पडल्यामुळे. 'नियमितपणा'ची शिडीही त्याला अशीच मिळते. संपूर्ण डावात तो एकही निर्णय घेत नाही. सवय ही निवडीच्या पुनरावृत्तीतून घडते असे वर्गात सांगावयाचे आणि निवडीला जागाच नसलेला खेळ खेळावयास द्यावयाचा, ही विसंगती आहे.

दुसरा दोष सापाच्या शिक्षेत आहे. शेवटाजवळचा एखादा मोठा साप खेळाडूला थेट तळाशी आणतो, म्हणजे तोवरची सर्व कमाई पुसली जाते. अभ्यासात असे घडत नाही. हेरमान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या व १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखविले की, विसरल्यासारखा वाटणारा मजकूर पुन्हा शिकताना पहिल्या वेळेपेक्षा कमी वेळ लागतो. आधीच्या श्रमांची बचत शिल्लक राहते. आठवडा वाया गेला म्हणजे सगळे गेले, ही समजूत अनेक विद्यार्थ्यांना जानेवारीत अभ्यास सोडावयास लावते. सापशिडी ती समजूत दृढ करते.

तिसरा दोष अधिक मूलगामी आहे. सापशिडीत ओलांडलेल्या घरात परत जाणे ही नामुष्की असते. उजळणीत मात्र परत जाणे हेच कार्य असते. ज्या खेळात मागे वळणे म्हणजे पराभव, तो खेळ उजळणी शिकवू शकत नाही.

सारीपाटाचा ढाचा

सारीपाट अथवा पचीसी यांच्या पटाला चार भुजा असतात. प्रत्येक भुजेत तीन रांगा आणि प्रत्येक रांगेत आठ घरे, अशी एकूण शहाण्णव घरे होतात. येथेही दान दैवाधीन असते. पण पडलेल्या दानाने आपल्या चार सोंगट्यांपैकी कोणती हलवावयाची, हे खेळाडू ठरवितो. दैव आणि निवड यांचा हा मेळ विद्यार्थ्याच्या वास्तवाशी जुळतो. त्याच्या हाती येणारा वेळ पुष्कळदा इतरांवर अवलंबून असतो, पण आलेला वेळ कोठे लावावयाचा हे त्याच्या हाती असते.

नियोजनासाठी हा पट पुढीलप्रमाणे वापरता येतो. चार भुजांतील बारा रांगा म्हणजे सत्राचे बारा आठवडे आणि एक घर म्हणजे पाऊण तास. आठ घरांची रांग म्हणजे आठवड्याचे सहा तास, तर संपूर्ण पट म्हणजे बहात्तर तास. प्रकरणांची नावे लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या या घरांवर मांडावयाच्या. दर रविवारी फासा टाकावयाचा. मात्र त्याने सद्गुण-दुर्गुण ठरवावयाचे नाहीत, तर येत्या आठवड्यातील व्यत्यय ठरवावयाचा. एक पडल्यास रांगेतील दोन घरे बंद, दोन पडल्यास एक घर बंद, अन्य दान पडल्यास सर्व घरे खुली. बंद झालेल्या घरातील चकती फेकली जात नाही. ती पुढे कोठे बसवावयाची हे विद्यार्थ्याने ठरवावयाचे.

एक उदाहरण

वडपे हे मुंबई–नाशिक महामार्गालगतचे, गोदामांच्या परिसरातील गाव. आपला विद्यार्थी दहावीचा आहे. २०२५ मध्ये राज्य मंडळाची दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती. परीक्षा त्याच सुमारास धरली, तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून त्याला बारा आठवडे मिळतात. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, असा त्याचा अंदाज आहे. त्यातील निम्मा वेळ भाषा व सामाजिक शास्त्रांना दिल्यावर गणित व विज्ञानासाठी बरोबर शहाण्णव घरांचा पट उरतो.

गणिताच्या दोन भागांत मिळून तेरा व विज्ञानाच्या दोन भागांत वीस, अशी तेहेतीस प्रकरणे आहेत. प्रत्येक प्रकरणाला पहिल्या भेटीत दोन घरे, दुसऱ्या व तिसऱ्या भेटीत प्रत्येकी एक घर द्यावयाचे ठरविले, तर एकशे बत्तीस घरे लागतात. पटावर छत्तीस चकत्या जागेविना उरतात. या खेळातील खरा शैक्षणिक क्षण हाच होय. 'सर्व धड्यांची तीन वेळा उजळणी करीन' हा संकल्प वहीत लिहिता येतो, पटावर मांडता येत नाही.

मग निवड सुरू होते. पुस्तक मिटून पाच प्रश्न सोडविल्यावर सोळा प्रकरणे बऱ्यापैकी येतात असे आढळले, असे समजू. त्यांना एकेका घराच्या दोनच भेटी पुरतात, म्हणजे बत्तीस घरे. उरलेल्या सतरा प्रकरणांना चार घरांप्रमाणे अडुसष्ट. एकूण शंभर, अजूनही चार घरांची तूट आहे. त्यात व्यत्ययाच्या फाशाने दर आठवड्यास सरासरी अर्धे घर, म्हणजे सत्रात सहा घरे जातात. आजारपण, महामार्गावरची कोंडी, आळीतील हळदीची रात्र यांचा हा हिशेब आहे. नव्वद घरांत योजना बसवावयाची तर सतरापैकी दहा प्रकरणांची तिसरी भेट सोडावी लागते. कोणती दहा, हे आज ठरवू नये. दुसऱ्या भेटीत पुस्तक न पाहता ज्यांची उत्तरे आली, तीच सोडावीत. शिवाय सहा ही केवळ सरासरी आहे. अनेक डावांत तीहून अधिक घरे जातील, म्हणून सावध खेळाडू आठ-नऊ घरे राखून ठेवील.

राखीव घरांचा आग्रह अनाठायी नाही. ब्यूलर, ग्रिफिन व रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदवीच्या विद्यार्थ्यांनी प्रबंध पूर्ण होण्यास सरासरी सुमारे चौतीस दिवस लागतील असे सांगितले होते. प्रत्यक्षात सुमारे पंचावन्न लागले. मागील अनुभव जवळ असूनही माणूस पुढची योजना निर्विघ्न कल्पितो. फासा ही कल्पना दर रविवारी तपासून पाहतो.

भेटींतील अंतर

चकत्या कोठे मांडाव्यात यासाठीही पटाची रचना साह्य करते. एका भुजेतून पुढील भुजेच्या त्याच रांगेत गेले की तीन आठवड्यांचे अंतर पडते. सेपेडा व सहकाऱ्यांच्या २००८ मधील प्रयोगात, चाचणी सत्तर दिवसांनी असता दोन अभ्यासांमध्ये सुमारे एकवीस दिवसांचे, तर पस्तीस दिवसांनी असता सुमारे अकरा दिवसांचे अंतर सर्वांत लाभदायक ठरले. म्हणून पहिल्या भुजेतील प्रकरणाची दुसरी भेट दुसऱ्या भुजेत ठेवावी; आठव्या आठवड्यात प्रथम घेतलेले प्रकरण मात्र दीड-दोन आठवड्यांतच पुन्हा घ्यावे. हा प्रयोग सुट्या माहितीच्या स्मरणावर झाला होता. वर्गसमीकरणासारख्या सरावाच्या प्रकरणास ही संख्या तंतोतंत लागू पडेल असे नाही, दिशा मात्र उपयोगी आहे.

भेट म्हणजे पुनर्वाचन नव्हे, हा नियम कठोरपणे पाळला पाहिजे. रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा दोनदा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के, तर एकदा वाचून एकदा आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर हेच प्रमाण अनुक्रमे ४२ व ५६ टक्के झाले. वाचनाने तात्काळ समाधान मिळते आणि तेच फसवे असते. म्हणून दुसऱ्या व तिसऱ्या भेटीची चकती पुस्तक मिटून लिहिलेले उत्तर शेजारच्या खेळाडूस दाखविल्यावरच उलटी करावी.

मर्यादा

या ढाच्यातही दोष शिरू शकतात. पट सजविण्यातच रविवार जाणे हा पहिला. अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागू लागल्यास खेळ अभ्यासाची जागा घेत आहे असे समजावे. दुसरा स्पर्धेचा. सारीपाटात प्रतिस्पर्ध्याची सोंगटी मारता येते. येथे तो नियम वगळणे आवश्यक आहे, कारण कोणाच्या किती चकत्या उलटल्या याची चढाओढ लागली की सोपी प्रकरणे आधी संपविण्याकडे कल वाढतो. पहिल्या सहा आठवड्यांत पटावर अवघड प्रकरणाची एकही चकती उलटलेली नसेल, तर हे घडले आहे हे ओळखावे. तिसरी मर्यादा खेळाच्या आवाक्याबाहेरची आहे. ज्या घरात रोजचे दोन तासही मिळत नाहीत, तेथे पट तूट दाखवील, भरून काढणार नाही. त्या विद्यार्थ्यासाठी वाचनखोलीची किंवा शाळा सुटल्यावर तासभर उघड्या वर्गाची व्यवस्था करणे हे शिक्षकांचे काम आहे.

निष्कर्ष

मोक्षपट हा थोर खेळ आहे. परंतु तो ज्या प्रश्नासाठी रचला गेला तो प्रश्न निराळा होता. उजळणीच्या खेळात दैवाने वेळ कमी-अधिक करावा आणि तो वाटण्याचा अधिकार विद्यार्थ्याकडे राहावा, एवढी अपेक्षा आहे. सारीपाटाचा ढाचा ती पूर्ण करतो. एखादा खेळ या कसोटीस उतरतो की नाही, हे पाहण्यासाठी डाव संपल्यावर विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारावा : कोणते प्रकरण सोडले आणि का? उत्तरात फाशाचेच नाव आले, तर खेळ फसला. दुसऱ्या भेटीत उत्तर आले होते म्हणून सोडले, असे त्याने सांगितले, तर त्याला नियोजन येऊ लागले आहे.