40 गुण कुठल्या स्तंभात बसवले?

मागच्या महिन्यात एका विभागाचं निकाल-विश्लेषण हातात आलं. विभागाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण अशी आकृती मी निदान पाच-सहा ठिकाणी पाहिली आहे. 100 गुणांचा पेपर, 120 विद्यार्थी, दहा-दहाच्या वर्गांतरांचा आयतालेख आणि त्यावर लाल रंगाचा गुळगुळीत प्रसामान्य वक्र. खाली निष्कर्ष असा की वितरण घंटाकृती आहे, म्हणजे पेपर ना सोपा ना अवघड, आणि तपासणीही योग्य झाली.

आकृती दिसायला छान होती. पण त्या परीक्षेबद्दल सांगण्यासारखी जी एक गोष्ट होती, नेमकी तीच तिने झाकली होती.

मुलांचे खरे गुण इथे छापणं बरोबर नाही, म्हणून त्याच घडणीचे 120 गुण मी स्वतः बेतले आहेत. पुढचे सगळे आकडे या बेतलेल्या गुणांचे आहेत. उत्तीर्ण व्हायला 40 लागतात. सरासरी सुमारे 50, प्रमाण विचलन सुमारे 16. दहाच्या वर्गांत मोजणी अशी येते:

11 ते 20 मध्ये 3, 21 ते 30 मध्ये 9, 31 ते 40 मध्ये 24, 41 ते 50 मध्ये 26, 51 ते 60 मध्ये 27, 61 ते 70 मध्ये 18, 71 ते 80 मध्ये 9 आणि 81 ते 90 मध्ये 4.

आता याच सरासरीचा आणि विचलनाचा प्रसामान्य वक्र घेतला, तर 31 ते 40 मध्ये तो साधारण 20 मुलं मागतो, 41 ते 50 मध्ये 28, 51 ते 60 मध्ये 28, 61 ते 70 मध्ये 19. म्हणजे जुळणी झकास आहे. कुणी काय-वर्ग चाचणी लावली तरी किंमत दीडच्या आसपास येते, आणि 5 स्वातंत्र्यमात्रांना 5 टक्के पातळीवर 11.07 ओलांडल्याशिवाय काही म्हणता येत नाही. चाचणीही खूश, विभागप्रमुखही खूश.

पण 31 ते 40 या स्तंभाच्या पोटात बघा. 31 ते 36 या सहा गुणांवर मिळून 10 मुलं आहेत. 37, 38 आणि 39 वर एकही नाही. आणि बरोबर 40 वर 14 मुलं आहेत! वक्राच्या हिशेबाने एकट्या 40 वर दोन-तीन मुलं हवी होती. खड्डा आणि उंचवटा एकाच स्तंभात शेजारी-शेजारी पडले, एकमेकांत भरले गेले, आणि वरून सपाट दिसलं.

हे कुणी मुद्दाम केलं का? मला तसं वाटत नाही, आणि म्हणूनच ते जास्त लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपण शाळेत सलग वर्ग शिकलो तेव्हा नियम होता की 30–40 आणि 40–50 असे वर्ग असतील तर 40 हा प्राप्तांक पुढच्या वर्गात धरायचा. वर्गाची वरची मर्यादा त्या वर्गात येत नाही. आर मधलं `hist()` मात्र काही न सांगता वापरलं तर बरोबर उलट करतं, वरची मर्यादा त्याच वर्गात घेतं. एक्सेलमधला आयतालेखही तसाच. म्हणजे सॉफ्टवेअरने 40 गुणवाल्यांना, म्हणजे उत्तीर्ण झालेल्यांना, 31 ते 39 च्या नापासांबरोबर बसवलं. पायथनमधलं `numpy.histogram` शाळेच्या नियमाने चालतं, फक्त शेवटच्या वर्गात दोन्ही टोकं घेतं. त्यामुळे तेच गुण, तेच वर्ग, पण दोन प्रयोगशाळांत दोन वेगळ्या आकृत्या निघू शकतात.

किती वेगळ्या, ते बघू. आरमध्ये एवढंच बदललं:

```r
hist(gun, breaks = seq(0, 100, by = 10), right = FALSE)
```

आता 30 ते 39 मध्ये 11 मुलं येतात आणि 40 ते 49 मध्ये 37. आधी तिथे 24 आणि 26 होते. (30 गुणवाला एक विद्यार्थी खालून वर आला आणि 50 वाले तीन पुढे गेले, ते धरून.) वक्र मागतो साधारण 19 आणि 28. एका `FALSE` ने शांत टेकडीला मधोमध पायरी पडली. वर्गांची रुंदी बदलली नाही, एकाही मुलाचा गुण बदलला नाही.

वर्ग पाचचे केले की चित्र आणखी उघडं पडतं. 30 ते 34 मध्ये 8 मुलं आहेत, वक्रही 8 मागतो. 35 ते 39 मध्ये आहेत 3, वक्र मागतो जवळजवळ 11. 40 ते 44 मध्ये आहेत 24, वक्र मागतो 13. 45 ते 49 मध्ये 13, वक्र मागतो 15. म्हणजे गडबड फक्त 40 च्या दोन्ही अंगांना आहे, बाकी सगळीकडे शांतता.

इथे एक शंका रास्त आहे. वर्ग बारीक करत गेलं की कुठेतरी खड्डे-उंचवटे दिसणारच, मग हा खरा कशावरून? खरंय. वक्र जिथे 2 मुलं मागतो तिथे 0 किंवा 4 आली तर त्यात नवल नाही. मोजणीतली स्वाभाविक डुगडुग साधारण अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. 13 मागितली असताना वर्गमूळ साडेतीनच्या आसपास, आणि इथे 11 मुलं जास्त आहेत, म्हणजे तिपटीच्या वर. शिवाय खड्डा-उंचवटा कुठेही न पडता बरोबर उत्तीर्णतेच्या रेषेवरच पडला. ती रेषा आपण आकृती बघून निवडलेली नाही, नियमावलीत आधीपासून आहे. तरी या आकड्यांतून किती काढायचं यालाही मर्यादा आहे. वक्रानुसार 37, 38, 39 वर मिळून 7 मुलं हवी होती. ती सगळी 40 वर उचलली गेली आणि मुळातली दोन-तीन मिळवली, तर 9-10 होतात. 14 मधली उरलेली चार कुठून आली, ते ही आकृती सांगू शकत नाही. ती निव्वळ डुगडुगही असेल.

आता यामागे काय असू शकतं? एक शक्यता अगदी सरळ आहे. नियमाप्रमाणे तीन ग्रेस गुण दिले गेले. मग 37, 38, 39 पूर्ण रिकामे आणि 36 वाला मात्र जागच्या जागी, अशी धारदार कड दिसते. आपल्या आकड्यांत ती तशीच आहे. 36 वर एक विद्यार्थी एकटा उभा आहे. दुसरी शक्यता अशी की तपासणाऱ्याच्या हातून, बहुधा शेवटच्या प्रश्नात, दोन-चार गुण सुटले. कोण इतक्या जवळ येऊन पाडतो! तसं असेल तर कड धारदार नसते. खड्डा 33-34 पर्यंत पसरट होतो आणि 38-39 वर एखादा चुकार विद्यार्थी उरतोच. दोन्हींत फरक करायचा असेल तर ग्रेस देण्याआधीचे गुण आणि प्रश्नवार गुण काढून बघायचे, दोन तपासनीस असतील तर दोन वेगळे आयतालेख काढायचे. पहिली शक्यता खरी असेल तर लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मग ग्रेसनंतरच्या गुणांचा आयतालेख दाखवून 'पेपरची पातळी योग्य' असं म्हणता येत नाही. तो आलेख पेपरचा कमी आणि नियमावलीचा जास्त आहे.

वक्राबद्दलही बोलायला हवं. त्या अहवालात तो उजवीकडच्या वेगळ्या अक्षावर काढला होता, आणि त्या अक्षावर आकडेच नव्हते. असा वक्र हवा तेवढा ताणून स्तंभांच्या डोक्यावर नेता येतो. वक्राची उंची आपल्या मर्जीची नसते. मुलांची संख्या गुणिले वर्गाची रुंदी गुणिले प्रसामान्य घनता, एवढीच ती असली पाहिजे. आपल्या उदाहरणात दहाच्या वर्गांना शिखर 30 च्या जवळ येतं, पाचच्या वर्गांना 15 च्या. स्तंभ आणि वक्र एकाच अक्षावर असतील तरच त्यांची तुलना होते. नाहीतर तो नुसता दागिना.

आणि गुण प्रसामान्यच असावेत हा हट्ट तरी कशाला? गुण म्हणजे पाच-सहा प्रश्नांची बेरीज. बेरीज घंटेकडे झुकते, पण त्यासाठी बेरजेतले भाग पुष्कळ आणि बऱ्यापैकी स्वतंत्र असावे लागतात. इथे ज्याला दुसरा प्रश्न येतो त्याला बहुधा तिसराही येतो. नियमित आणि पुनर्परीक्षार्थी एका यादीत असतील तर दोन टेकड्याही निघतील, आणि पेपर तरीही उत्तम असेल.

मग वक्र काढायचाच कशाला? फट शोधायला. बेल्जियमचे अ‍ॅडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या एक लाख सैन्यभरतीच्या उमेदवारांची उंची या वक्राशी ताडून पाहिली होती. भरतीसाठी किमान उंची 1.57 मीटर होती. त्या रेषेच्या खाली वक्रापेक्षा सुमारे दोन हजार माणसं जास्त निघाली आणि रेषेच्या लगेच वर तेवढीच कमी. केटलेंनी ओळखलं की लोक भरती चुकवण्यासाठी बुटके झाले होते! आपल्या परीक्षेत दिशा उलटी, पण युक्ती तीच. पोलंडच्या शालान्त परीक्षेत उत्तीर्णतेची रेषा 30 टक्क्यांवर असते. तिथे पोलिश भाषेच्या पेपरात नेमका हाच खड्डा-उंचवटा दिसतो, आणि तो दिसतो कारण तिथलं परीक्षा मंडळ दर गुणाला एक स्तंभ अशी आकृती स्वतःच प्रसिद्ध करतं.

आपल्यालाही तेच करता येतं. गुण पूर्णांक आहेत, मुलं शंभरच्या वर आहेत, तर वर्ग एकचाच ठेवा आणि कडा अर्ध्यावर घ्या, म्हणजे 40 कुठे टाकायचा हा प्रश्नच उरत नाही:

```r
hist(gun, breaks = seq(-0.5, 100.5, by = 1))
x <- 0:100
lines(x, length(gun) * dnorm(x, mean(gun), sd(gun)))
```

आकृती दातेरी दिसेल, अहवालाच्या मुखपृष्ठावर शोभणार नाही. ती शेजारी ठेवून मग पाचच्या वर्गांची काढा, कडा 39.5 वर येईल अशी. दोन्हींत जे दिसतं त्यावर बोला.

त्या विभागात मी हे दाखवलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "मग काय, ग्रेस द्यायचेच नाहीत?" माझं म्हणणं ते नव्हतंच. माझा प्रश्न त्या 36 वाल्याबद्दल होता. गुण मोजण्यात एक-दोनची चूक सहज होते. 37 वाल्याला ती चूक भोवली नाही, 36 वाल्याला भोवली असेल. निदान त्याची आणि 35 वाल्यांची उत्तरपत्रिका दुसऱ्या कुणी बघितली का? जुन्या आकृतीत हा प्रश्न विचारताच येत नव्हता, कारण तो मुलगा आणि 40 वाले चौदाजण एकाच स्तंभात होते.