रंग जुळला, पण कुठल्या उजेडात?

हल्लीच्या इंटिरिअर रेंडरमध्ये लाकडाच्या शिरा मोजता येतात, काचेतली प्रतिबिंबं बिनचूक असतात. कच्चा राहतो तो रंग. ग्राहकाने शेडकार्डातला एक तुकडा दिलेला असतो आणि भिंत, सोफा, पडदा त्याच्याशी तीन तऱ्हेने फटकून वागतात. यावरचा रूढ उपाय म्हणजे तयार चित्रावर आयड्रॉपर टेकवायचा आणि कोड जुळेपर्यंत मटेरिअलचा रंग सरकवत राहायचा. माझ्या मते दुखणं इथेच सुरू होतं.

#8F9779 हा मळकट शेवाळी रंग घ्या. त्याचा पृष्ठभाग अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण २९ टक्के परत पाठवतो. मटेरिअलमध्ये भरायचा तो हा गुण. चित्रातल्या पिक्सेलमध्ये मात्र दिव्याचा पिवळेपणा, सागवानी फरशीवरून उसळलेला तांबूसपणा आणि शेवटी व्ह्यू ट्रान्सफॉर्मही मिसळलेला असतो. ब्लेंडरमध्ये २०२३च्या ४.० आवृत्तीपासून मूळ निवड AgX ही आहे, आणि ती भडक उजेडातले रंग मुद्दाम फिके करते. म्हणजे पिक्सेलचा कोड जुळू नये हेच बरोबर. बळेच जुळवला, तर दुपारच्या दृश्यात शोभणारी भिंत रात्रीच्या दिव्यात हिरवीगार होऊन अंगावर येते.

भिंतीचं त्यातल्या त्यात सोपं, खरी परीक्षा सोफ्याची. विणीचा करडा फोटो घेऊन त्यावर शेड मल्टिप्लाय करण्याची पद्धत सर्रास आहे. पण त्या फोटोची सरासरी उजळता ०.६ असेल, तर २९चे १७ टक्केच उरतात आणि सोफा भिंतीपेक्षा गडद निघतो. मग कलाकार शेड उजळवतो, आणि पुढच्या खोलीत वेगळं कापड आलं की पुन्हा तीच कसरत. त्यापेक्षा फोटोला त्याच्याच सरासरीने आधी भागावं. वीण राहते, काळोखी जाते. मखमलीत तेवढ्याने भागत नाही, कारण तिची लव कडेला चकाकते आणि समोरून काळवंडते. झिरझिरीत पडद्यातून तर उजेड आरपार येतो. तिथे परावर्तनाचा आकडा एकटा पुरत नाही.

काही जण फोटोशॉपमध्ये मास्क लावून रंग बदलतात. मुदत जवळ आली की हे समजण्यासारखं आहे. पण भिंत शेवाळी होते आणि छतावर तिचा जुना गुलाबी उजेड तसाच राहतो. जाणकार नजर तिथेच अडते.

खात्रीची तपासणी साधी आहे. शेडचा एक सपाट, बिनचमकीचा तुकडा दृश्यातच सोफ्याच्या पाठीला टेकवून ठेवा, त्याच उजेडात रेंडर करा आणि चित्र धूसर करून पाहा. तुकडा वेगळा ओळखू आला, तर चूक कापडाची. दोघे मिळून शेडकार्डापासून दूर गेले, तर ती दिव्यांची करामत आहे आणि मटेरिअलला हात लावायचं कारण नाही. ग्राहकाला चित्र पाठवताना हा तुकडा कोपऱ्यात दिसू द्यावा.