रुसवा बोलतो कसा? तीन पिढ्यांच्या कुटुंबकथेतली भाषा

आजचा आपला विषय कुटुंबकथा. तीन पिढ्या, एक घर, आणि प्रत्येकाची वेगळी बोलण्याची सवय, वेगळा रुसवा. अशा कादंबऱ्या आणि नाटकं आपल्याकडे पुष्कळ लिहिली जातात. त्यातली बरीचशी पन्नासाव्या पानाशी दमतात, कारण सगळी माणसं लेखकाच्याच आवाजात बोलायला लागतात. मग लेखक एक सोपा इलाज करतो. आजोबांच्या तोंडी एखादी म्हण देतो, नातवाच्या तोंडी चार इंग्रजी शब्द देतो. तो आवाज नव्हे, ती पाटी झाली. आम्हाला आज एवढंच मांडायचं आहे की बोलण्याची सवय आणि मनातली अढी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. कोण कशाबद्दल बोलतो, कोणाशी कसं बोलतो आणि काय बोलायचं टाळतो, हे त्याची अढीच ठरवते.

यासाठी मराठीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे महेश एलकुंचवारांची नाट्यत्रयी: ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’. पहिलं नाटक १९८५ साली विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं. पुढे १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी ‘आविष्कार’तर्फे तिन्ही नाटकं सलग केली. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा. तात्याजी गेलेत, तेराव्यासाठी घर जमलंय आणि खर्च कोणी करायचा हा प्रश्न आहे.

आता भावंडं बघा. थोरला भास्कर गावात राहिला. त्याची तक्रार ही की सगळं मीच ओढलं. धाकटा सुधीर मुंबईला गेला. त्याची तक्रार ही की गेलेल्याकडे पैसा असतो असं तुम्ही धरूनच चालता. दोघं एकाच खर्चाबद्दल बोलतात, पण भास्करचं बोलणं हुकमाचं आणि सुधीरचं हिशेबाचं. सुधीरची गंमत अशी की घरच्यांशी बोलताना तो वऱ्हाडी वळणावर जातो आणि बायकोशी, अंजलीशी, मुंबईच्या मराठीत बोलतो. म्हणजे त्याची भाषा एक नाहीच. समोर कोण आहे यावर ती बदलते आणि त्या बदलातच त्याचं दोन्हीकडे उपरं असणं दिसतं. याबद्दल त्याला वेगळं भाषण करावं लागत नाही.

प्रभाची अढी शिक्षणाची. तिला शिकायला बाहेर जायचं होतं, वडिलांनी जाऊ दिलं नाही. त्यामुळे तिचं साधं वाक्यही टोकदार होऊन येतं. आणि चंदू? तो बोलतच नाही फारसा. घरात गड्यासारखा राबतो. त्याचं न बोलणं ही त्याची बोलण्याची सवय. वरच्या पिढीतली दादी, तात्याजींची आई. आपला मुलगा गेलाय हे तिला नीटसं उमगलेलंच नाही, ती अजून त्यालाच हाक मारते. तिचा एकच शब्द सगळ्या घराच्या वादावर भारी पडतो.

एक मर्यादाही सांगायला हवी. आमच्या मते ‘युगान्त’मध्ये पराग आणि अभय, म्हणजे नातवंडांची पिढी, एकमेकांच्या जवळ येतात तशी त्यांची भाषाही जवळ येते. भास्कर-सुधीरची वाक्यं नावं झाकली तरी ओळखू येतात. इथे ते अवघड जातं, कारण घरातली भांडणं मागे पडून माणसाच्या एकूण अवस्थेचं चिंतन पुढे येतं. चिंतन सुरू झालं की अढी सैल होते आणि अढी सैल झाली की आवाज एकसारखे होतात. मोठ्या लेखकालाही हे टळत नाही, म्हणून तिसऱ्या पिढीशी पोचताना सावध राहायचं.

आता हे भिवंडीत आणून बघू. कशेळी, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात भाताची शेतं होती, तिथे आज गोदामं आहेत. अशा एखाद्या आगरी घरावर कादंबरी लिहायची समजा. एक एकर जमीन घ्या. आजोबा ती पिकात मोजणार: ‘त्या शेतान दोन खंडी भात पिकाचा.’ मुलगा गुंठ्यात मोजणार, चाळीस गुंठे, कारण त्याने भाड्याचे आणि विक्रीचे व्यवहार गुंठ्यावर केलेत. नात ठाण्याला कॉलेजात जाते, ती स्क्वेअर फुटात बोलणार, त्रेचाळीस हजार पाचशे साठ. जमीन तीच. पण मापाच्या शब्दातच कोणाचं काय गेलं आणि कोणाला काय मिळालं ते येतं. आजोबांची अढी मुलावर, की याने शेत बुजवलं. मुलाची अढी बापावर, की घर चालवलं मी आणि शिव्याही मलाच.

या घरात एक आत्या ठेवा. जमिनीवर नुसता भात होता तेव्हा तिने भावासाठी हक्कसोडपत्रावर सही केली. पुढे तिथे गोदाम उभं राहिलं. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क मान्य झाला, पण हिची सही होऊन गेलेली. कच्चा लेखक तिला अंगणात उभी करून भांडायला लावील. तसं करू नका. ती दर सणाला येते, ताट वाढलं की म्हणते, ‘मना काय नको गो.’ जेवणाबद्दलच म्हणते. जमिनीचं नाव कधीच काढत नाही. पण दर वेळी ते वाक्य ऐकलं की भाऊ उठून बाहेर जातो. वाचकाला एवढं पुरतं.

आणि नात. आगरीत ळ चा ल होतो, ण चा न होतो. वर्गात ती ‘पानी’ म्हणाली आणि पोरं हसली, ही तिची अढी. म्हणून ती बाहेर जपून, घोटून प्रमाण मराठी बोलते. आजीशी मात्र सरळ आगरी. बापाशी भांडण झालं की तिचा ‘ण’ एकदम स्वच्छ होतो. ते त्याला लागतं, कारण ही आता परक्यासारखी बोलते हे त्याला कळतं. सुधीर वऱ्हाडीकडे वळतो तो जवळ येण्यासाठी. ही आगरीपासून वळते ती दूर जाण्यासाठी. युक्ती एकच, दिशा उलटी.

इथे एक धोका सांभाळायचा. बोली फक्त म्हाताऱ्यांना आणि गरिबांना दिली की ती विनोदाची वस्तू होते. बापानेही बँकेत प्रमाण बोलावं, आजोबांनीही तलाठ्यासमोर शब्द तोलावेत.

लिहून झालं की एक तपासणी करा. नावं झाकून संवाद वाचा. कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. मग दुसरं बघा: ही व्यक्ती कोणता एक शब्द कधीच उच्चारत नाही? आत्या ‘जमीन’ म्हणत नाही. प्रत्येकाचा असा एक शब्द सापडला तर तीन पिढ्या खरंच वेगळ्या झाल्या. सापडला नाही, तर त्या माणसाची अढी काय आहे हे अजून लेखकालाच कळलेलं नाही.